क्षमापनेच्या गठ्ठ्यातलं पत्र

पत्राची पहिली ओळ काही केल्या जमत नव्हती. ‘आदरणीय श्रेणिकशेठ यांस’ इथवर सगळं सुरळीत यायचं, आणि पुढे सुरुचीचा हात थांबायचा.

तसं पाहिलं तर हे तिचं रोजचं काम. पुण्याच्या कंपनीत गेली नऊ वर्षं ती हेच करत होती. काम लांबलं की परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळवायचं, सुधारित टप्पे द्यायचे, झालेल्या त्रासाबद्दल काहीतरी जादा देऊ करायचं. साचा ठरलेला, शब्द ठरलेले. पण ती गिऱ्हाइकं तिने कधी पाहिलेली नव्हती. श्रेणिकशेठना तिने लहानपणापासून पाहिलं होतं. आणि तिकडे चुकणारे दुसरे असायचे. इथे चूक घरातलीच होती.

जालन्याच्या एमआयडीसीत तिच्या वडिलांचं, मुकुंदरावांचं, ‘तारा इंजिनिअरिंग’ हे वर्कशॉप होतं. नाव बायकोचं, बाकी सगळं त्यांचं. धान्य साफ करायच्या, चाळायच्या मशिनी ते बनवत. जाफराबादचे आडतदार श्रेणिकशेठ यांच्यासाठी सोयाबीन साफ करून प्रतवारी लावायचा आख्खा प्लांट त्यांनी घेतला होता, तासाला पाच टनांचा. दसऱ्याला चालू करून देतो, असा शब्द दिला होता. वर्कशॉपच्या फळ्यावर त्यांच्या अक्षरात अजून लिहिलेलं होतं : ‘जाफराबाद – दसरा.’ खाली दोन रेघा.

चौदा जुलैला मुकुंदराव गेले. सकाळी अंगणात चपला घालता घालता.

त्यानंतर दोनच दिवसांनी कोइमतूरच्या कंपनीचा मेल आला. प्लांटला लागणाऱ्या सहा गिअर मोटारी ते बनवून देणार होते. मापांचा नकाशा पाठवला होता. तपासून होकार कळवा, मग काम सुरू करतो, असं लिहिलं होतं. मेल मुकुंदरावांच्या खात्यावर. ते खातं उघडायचं कुणालाच सुचलं नाही. तेरावा झाला, पाहुणे गेले, आई दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागली. सुरुचीने पासवर्ड शोधून खातं उघडलं तेव्हा अकरा ऑगस्ट उजाडला होता. सव्वीस दिवस होकाराची वाट पाहून कंपनीने ‘तारा’चा रांगेतला नंबर दुसऱ्याला दिला होता. आता मोटारी चोवीस ऑक्टोबरच्या आधी निघणार नव्हत्या.

म्हणजे दसरा गेला. दिवाळीही गेली. सोयाबीनचा हंगामच हातचा गेला.

“ताई, त्यायला सांगून टाका,” वसंता म्हणाला. वसंता वर्कशॉपचा फिटर, मुकुंदरावांबरोबर बावीस वर्षं काढलेला. “मी सांगाडा उभा करून राह्यलो, त्याचं काही न्हाई. पण मोटारीबिगर तो नुसता मांडवच की. शेठ भल्ला माणूस आहे, पण तारखेचा पक्का.”

“सांगते. पत्र घेऊन स्वतः जाते.”

“पत्र कशाला? तोंडानं सांगा. सर पयले तोंडानंच सांगायचे.”

सर काय करायचे ते सगळ्यांनाच माहीत होतं, तिला सोडून. पुण्याची रजा सप्टेंबरअखेर संपत होती. हे काम हातात राहिलं तर वर्कशॉप चालवून बघायचं, सुटलं तर चौघा कामगारांचा हिशेब करून कुलूप लावायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आई ‘बरं’ म्हणाली असती. हल्ली ती सगळ्यालाच ‘बरं’ म्हणत होती.

शेवटी पत्र झालं. अपरिहार्य कारणांमुळे प्लांट दोन ऑक्टोबरऐवजी पंधरा नोव्हेंबरला कार्यान्वित होईल. सांगाड्याची उभारणी तीस सप्टेंबर, मोटारी बसवणे पाच नोव्हेंबर, रिकामी चाचणी आठ, माल घालून चाचणी बारा. झालेल्या विलंबाबद्दल एक वर्षाची जादा सेवा विनामूल्य. वाचून पाहिलं तर पुण्याहून निघणाऱ्या कुठल्याही पत्रासारखं दिसत होतं. तेवढ्यानेच तिला थोडा धीर आला.

ती गेली तो दिवस पर्युषण संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचा होता. हे तिच्या लक्षात आलं ते एसटीतून उतरून दुकानाच्या पायरीशी पोचल्यावर. पेढीवर पांढऱ्या गाद्या घातलेल्या, आणि येणारा प्रत्येकजण हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणत होता. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. शेठ गादीवरून उठून प्रत्येकाला तसंच उत्तर देत होते. त्यांच्या मांडीशी क्षमापनेच्या कार्डांचा आणि पाकिटांचा गठ्ठा साठला होता.

तिला पाहताच पेढी गप्प झाली. कुणीतरी पंखा कमी केला. शेठनी आत हाक मारली, “बाई, मुकुंदरावांची मुलगी आली.”

लाडबाई, शेठच्या आई, भिंतीला धरत बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी बसून त्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. शेठ जालन्याला भेटायला येऊन गेले होते. लाडबाईंना प्रवास झेपत नव्हता. म्हणून त्यांचं दुखवट्याचं बसणं आज इथेच सुरू झालं.

“कसं झालं गं, बेटा?”

सुरुचीने सांगितलं. चपला, अंगण, रिक्षा. आतापर्यंत इतक्यांदा सांगितलं होतं की ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं तोंडातून येत होतं. लाडबाई ऐकत होत्या, शेठ ऐकत होते, हमाल दारात उभे राहून ऐकत होते.

“शेठ,” ती म्हणाली, “मी कामाचं बोलायला आले होते.”

“कामाचं काय घेऊन बसलीस, बेटा. काम होत राहतं.”

“होत राहतं, पण त्याला उशीर होणार आहे. खरं तर मला माफीच मागायची आहे तुमची.”

शेठनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे भरले, आणि या पन्नाशीच्या, तारखेच्या पक्क्या माणसाने तिच्यापुढे हात जोडले. “अगं, तू कसली माफी मागते? आज आमचा माफी मागायचा दिवस. मुकुंदरावांना मी फोनवर लई बोलायचो. जल्दी करा, जल्दी करा. मीच माफी मागतो. मिच्छामि दुक्कडम.”

“मिच्छामि दुक्कडम,” लाडबाई म्हणाल्या. दारातले हमालही पुटपुटले.

सुरुचीनेही हात जोडले. मग पर्समधून पाकीट काढून पुढे केलं. “यात सगळं लिहिलंय. तारखा वगैरे. एकदा बघून घ्या.”

शेठनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, “बिलकुल. तू काही काळजी करू नको.” नंतर लाडबाईंनी तिला आत नेऊन जेवायला वाढलं. जेवताना कामाचा विषय निघाला नाही. काढणं बरंही दिसलं नसतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून विचार करत राहिली. सांगून तर झालं. उशीर होणार म्हटलं, माफी मागितली, पत्र दिलं, ‘काळजी करू नको’ असं उत्तर आलं. चारही गोष्टी झाल्या, तरी काहीच झाल्यासारखं वाटत नव्हतं. राजूर गेल्यावर तिला वाटलं की मोठ्या मनाची माणसं अशीच असतात. जालना येईपर्यंत तेही नक्की वाटेनासं झालं.

“काय म्हन्ले?” वसंताने विचारलं.

“काळजी करू नको म्हणाले.”

“येवढंच?”

“येवढंच.”

वसंताने कान खाजवला. “शेठ? श्रेणिकशेठच ना?”

बारा दिवस कसलाच फोन आला नाही. मोठ्या मनाची गोष्ट तिने जवळजवळ खरी मानली. तेराव्या दिवशी सकाळी शेठच्या मुलीचा, पलकचा, व्हॉट्सॲपवर निरोप आला. सोबत एक चित्र.

चित्रात झेंडूचं तोरण होतं, आपट्याची पानं होती आणि मधोमध लिहिलं होतं : ‘नूतन सोयाबीन प्रक्रिया केंद्राचा शुभारंभ. विजयादशमी, गुरुवार, दोन ऑक्टोबर.’ खाली बारीक अक्षरात, ‘यंत्ररचना : कै. मुकुंदराव, तारा इंजिनिअरिंग, जालना.’

‘ताई, काकांचं नाव बरोबर आहे ना बघा,’ पलकने लिहिलं होतं. ‘आज तीनशे कार्डं छापायला टाकतोय. पप्पा म्हणाले, पहिली पूजा तारामावशींच्या हातून.’

सुरुची ते चित्र बघत उभी राहिली. वसंता पाना पुसत जवळ आला, त्यानेही पाहिलं.

“मंग त्यायला कळलंच न्हाई,” तो म्हणाला.

“मी सांगितलं होतं, वसंता. उशीर होणार म्हटलं होतं.”

“म्हन्लं असंल. पण त्या घरानं ते दुखाचं म्हून ऐकलं असंल. सुतकातल्या माणसाला कोन इचारतं, किती दिवस उशीर म्हून?”

तिने पलकला लिहिलं, ‘कार्डं थांबव. मी येतेय.’ मग वसंताने सिमेंटात पुरायचे बोल्ट पिकअपमध्ये टाकले, कारण नाहीतरी ते न्यायचेच होते, आणि दोघं निघाले. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. टेंभुर्णीच्या पुढे वसंता म्हणाला, “आज आत जाऊ नका. आत गेलं की आजी जेवाया बसवती.”

ती आत गेली नाही. पेढीवर शेठ फोनवर सोयाबीनचा ओलावा किती ते कुणाला तरी विचारत होते. त्यांनी हाताने ‘बस’ अशी खूण केली. ती बसली नाही. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “ये बेटा. कार्ड का थांबवलं? नावात चूक झाली का?”

“दसऱ्याला प्लांट चालू होणार नाही, शेठ. नोव्हेंबर उजाडेल. ते सांगायलाच मी त्या दिवशी आले होते. मला नीट सांगता आलं नाही.”

शेठनी विचारलं, “त्या दिवशी?”

“पाकीट दिलं होतं तुम्हाला.”

“ते तर क्षमापनेचं…” ते थांबले. मागच्या कपाटातून त्यांनी गठ्ठा काढला. दोऱ्याने बांधलेला होता. कार्डामागून कार्ड उलटत गेले आणि मधेच ‘तारा इंजिनिअरिंग’ छापलेलं पाकीट निघालं, न फोडलेलं. त्यांनी ते फोडलं, चष्मा लावला, आणि उभ्यानेच वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. दुसऱ्यांदा वाचलं.

“पंधरा नोव्हेंबर,” ते म्हणाले. “दहा ऑक्टोबरपासून साफ केलेला माल देतो म्हणून मी शब्द देऊन बसलोय. चार गावच्या शेतकऱ्यांना सांगून ठेवलंय, माल इथंच आणा. आणि तुमचं पत्र म्हणतं पंधरा नोव्हेंबर. तेव्हा मी काय साफ करू, मॅडम? गोडाऊनची फरशी?”

‘मॅडम’ हा शब्द तिला लागला. वसंता दारात बोल्टांची गोणी घेऊन उभा होता. ती त्याने हळूच खाली ठेवली.

“आणि हे ‘अपरिहार्य कारण’ म्हणजे काय? मुकुंदराव गेले, ते मला माहीत आहे. ते चौदा जुलैला गेले. आज सप्टेंबरची दहा तारीख आहे.”

तिथे ती रडू शकली असती. रडली असती तर लाडबाई बाहेर आल्या असत्या, पंखा पुन्हा कमी झाला असता, आणि सगळं परत त्या दिवसासारखं गोड आणि धूसर झालं असतं. तेवढं तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. बाकी काहीच दिसत नव्हतं.

“बाबांच्या जाण्याने उशीर झालेला नाही,” ती म्हणाली. “कोइमतूरचा मेल सोळा जुलैला आला होता. मोटारींच्या नकाशाला फक्त होकार द्यायचा होता. सव्वीस दिवस मी तो बघितला नाही. त्यांनी आपला नंबर दुसऱ्याला दिला. चूक माझी आहे. पत्रात तसं लिहायला हवं होतं.”

शेठ गादीवर बसले आणि त्यांनी पत्र समोर पसरलं. “इंदूरच्या पार्टीला फोन केला तर?”

“करू शकता. पण आज ऑर्डर दिली तरी ते डिसेंबरच्या आत देणार नाहीत. पाया आमच्या मापाचा आहे, तो फोडावा लागेल.” हे तिने वाटेत वसंताला विचारून घेतलं होतं.

“हं. आता हे सांगा, मोटारी चोवीसला निघणार. इथं कधी?”

“सत्तावीस-अठ्ठावीस.”

“भाऊबीज तेवीसची. तुमची पोरं गावाहून कधी परत येणार?”

ती वसंताकडे वळली. वसंता म्हणाला, “खोटं कशाला बोलू, शेठ. सव्वीसपस्तोर कोनी येत न्हाई. दोघं तीर्थपुरीकडचे आहेत, त्यायचं ऊस-कापूस बी आसतं. तीस धरा.”

“तीसला माणसं. मग पाच तारखेला सहा मोटारी कशा बसतील? दिवसाला एक?” शेठनी पेनाने पाचवर रेघ ओढली. “आणि वायरिंग? पॅनेल? हे तुमच्या पत्रात कुठं आहे?”

सुरुचीने पत्राकडे पाहिलं. वायरिंगची ओळ नव्हती. पुण्याच्या साच्यात वायरिंग नसतं.

“खरी तारीख सांगा,” शेठ म्हणाले. “पंधरा मला आवडेल म्हणून लिहिली का होईल म्हणून लिहिली?”

“आवडेल म्हणून,” ती म्हणाली, आणि तिलाच नवल वाटलं.

मग त्यांनी तिघांनी मिळून पुन्हा सगळं लिहिलं, त्याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. सांगाडा तीस सप्टेंबर; ते खरंच होणार होतं. पॅनेल आणि वायरिंग मोटारींच्या आधीच, वीस ऑक्टोबरच्या आत, म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस वाचतील. हे वसंताने सुचवलं. मोटारी बसवणं दहा नोव्हेंबर. रिकामी चाचणी चौदा. माल घालून चाचणी एकोणीस. ताबा बावीस. प्रत्येक ओळीपुढे शेठनी विचारलं, “हे कुणाच्या हातात आहे?” जिथे उत्तर ‘कोइमतूर’ आलं तिथे त्यांनी फुली मारली. फुल्या दोनच निघाल्या.

“आणि हे एक वर्ष जादा सेवा,” शेठ म्हणाले. “ही तुमची भेट. बराबर आहे, चांगली आहे. पण ऑक्टोबरात मी माल कशात साफ करू, ते सांगा. सेवेत?”

वसंता हसला आणि लगेच गंभीर झाला. सुरुचीकडे उत्तर होतं. गेल्या दोन महिन्यांत ती वर्कशॉपमध्ये रोज त्या उत्तराच्या शेजारून जात होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीशी एक जुना, धान्य चाळायचा ग्रेडर होता. मुकुंदरावांनी स्वतःच्या हाताने बनवलेली पहिली मशीन, तासाला दोन टनांची. मागणी आली तरी ती त्यांनी विकली नव्हती. रोज चार वाजता तिच्या पाट्यावर बसून ते चहा प्यायचे. त्यांचा कप अजून तिथेच होता, तळाशी वाळलेल्या चहाचं वर्तुळ असलेला. तो कुणीही उचलायचा नाही, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

“वसंता,” ती म्हणाली, “मागचा ग्रेडर चालतो का?”

“चालतो,” वसंता म्हणाला. “सर दर दसऱ्याला चालवून बघायचे. चाळण्या सोयाबीनच्या टाकाव्या लागतील. बेरिंग बदललं तर दोन महिने बिनघोर.”

“शेठ, तुमच्या गोडाऊनला थ्री फेज आहे. पाच ऑक्टोबरपर्यंत तो इथे बसवून देते. आणण्या-नेण्याचं, बसवण्याचं सगळं आमच्याकडे. वसंता दोन दिवस थांबून तुमच्या माणसाला शिकवेल. नव्या प्लांटचा ताबा दिला की मी तो परत नेईन.”

“दोन टन,” शेठ पुटपुटले. “दोन पाळ्या चालवल्या तर… मुकुंदरावांचा तो, मागचा?”

“हो.”

“तो तर ते मला हात लावू देत नव्हते.”

“मलाही.”

शेठनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. तिला वाटलं, आता ते पुन्हा ‘बेटा’ म्हणणार, आणि सगळं विरघळणार. पण त्यांनी पेन तिच्यापुढे केलं. “सही करा. तुमची. करिता तारा इंजिनिअरिंग. आणि दर शनिवारी अकरा वाजता फोन. काम झालं असेल तरी, नसेल तरी. फोन आला नाही, तर मी जालन्याला येऊन तुमच्या फाटकात खुर्ची टाकून बसेन.”

तिने सही केली. शेठनी पेढीवरच्या मशिनीवर कागदाच्या दोन्ही बाजूंची प्रत काढून तिला दिली आणि मूळ पत्र समोरच्या भिंतीला टाचणीने लावलं, हाताने लिहिलेली बाजू बाहेर करून. क्षमापनेचा गठ्ठा पुन्हा दोऱ्याने बांधून कपाटात गेला. लाडबाईंनी आतून विचारलं, कोण आलंय. “कामाची माणसं आहेत,” शेठ म्हणाले.

पिकअपमध्ये बसल्यावर वसंता म्हणाला, “लई बोलले.”

“हो.”

“वाईट वाटून घेऊ नका.”

तिला वाईट वाटत होतं का, ते तिला ठरवता येईना. दोन महिने जो तो तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. तिच्यापुढे पंखे कमी होत होते. आज एका माणसाने आवाज चढवून तिला तारीख विचारली होती, आणि ती द्यायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. राजूर येईपर्यंत ती हेच उलटसुलट करत राहिली. मग तिने पलकला निरोप पाठवला : ‘बावीस नोव्हेंबर. छापायचं असेल तर वीसला विचार.’

दुसऱ्या दिवशी ग्रेडर बाहेर काढायला चौघं लागले. पाट्यावरचा कप तिने स्वतः उचलला, नळाखाली धरला आणि इतर कपांबरोबर पालथा घातला. फळ्यावरचं ‘दसरा’ तिने पुसलं नाही. त्याच्या पुढे लिहिलं, ‘ऐवजी २२ नोव्हें.’ अक्षर बाबांच्यासारखं आलं नाही. खालच्या दोन रेघा तशाच राहिल्या.

ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना तिने फोन लावला. पलीकडे ग्रेडरचा खडखडाट ऐकू येत होता.

“मोटारी आल्या का?” शेठनी नमस्कार न करताच विचारलं.

“नाही. कोइमतूरहून निघाल्यात. मंगळवारी येतील.”

“मंगळवार का बुधवार?”

तिने क्षणभर विचार केला. “बुधवार धरा,” ती म्हणाली.